दोन वीजकपातींमधला वेळ आणि इन्व्हर्टरची बॅटरी

प्रश्न: «आम्ही विरार पूर्वेला चौथ्या मजल्यावर राहतो. सकाळी दहाच्या सुमारास लाइट जाते ती दोनला येते, आणि रात्री पुन्हा आठ ते अकरा नसते. १५० एएचची फ्लॅट प्लेट बॅटरी दोन वर्षांतच बसली, आता जेमतेम अर्धा तास चालते. घरात तीन पंखे, चार एलईडी दिवे आणि वायफाय एवढाच लोड आहे. दुकानदार ट्यूब्युलर घ्या म्हणतो, मुलगा लिथियमच घे म्हणतो. काय घ्यावे?»

भांडुपपासून विरारपर्यंतच्या घरांमध्ये गेली बावीस वर्षे मी इन्व्हर्टर बसवतो आणि बिघडले की उघडतोही, त्या अनुभवावरून सांगतो. बॅटरी किती तास चालते, एवढेच बहुतेक जण विचारतात. तुमच्या घरात मात्र खरा प्रश्न रिकामी झालेली बॅटरी पुन्हा भरायला किती तास मिळतात हा आहे. तुम्ही दिलेल्या वेळा धरल्या तर दुपारी दोन ते रात्री आठ असे सहा तास आणि रात्री अकरा ते सकाळी दहा असे अकरा तास मिळतात. ट्यूब्युलर की लिथियम याचा निकाल मुख्यतः या दोन आकड्यांवर लागेल. मात्र तुमचे पंखे किती वीज खातात, रात्री वीज आल्यावर दाब पुरेसा असतो का आणि बॅटरी ठेवायला हवेशीर जागा आहे का, यांवरही काही गोष्टी अवलंबून आहेत, त्यामुळे मध्ये मध्ये मला ‘जर–तर’ म्हणावे लागेल.

आधी तुमची जुनी बॅटरी का बसली ते पाहू. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा पूर्ण वेगात साधारण ७५ वॅट घेतो. असे तीन पंखे म्हणजे २२५ वॅट, चार दिव्यांचे ४० आणि वायफायचे १० धरले की एकूण २७५ वॅट होतात. इन्व्हर्टर स्वतः काही वीज उष्णतेत घालवतो, म्हणून बॅटरीकडून प्रत्यक्षात ३३५ वॅटच्या आसपास ओढले जातात, आणि बारा व्होल्टवर हा प्रवाह २८ अँपिअर होतो. १५० एएच म्हणजे १५० अँपिअर-तास, त्याला २८ ने भागून पाच तासांहून जास्त बॅकअप मिळेल असे कोणालाही वाटेल, पण शिसे-आम्लाच्या बॅटरीला हे गणित लागू पडत नाही. तिच्यावरचा १५० हा आकडा बहुधा सी-२० दराचा असतो, म्हणजे साडेसात अँपिअरने सावकाश, वीस तासांत रिकामी केली तर मिळणारा. जितक्या जोराने ओढाल तितका एकूण माल कमी निघतो. २८ अँपिअरने ओढल्यावर नव्या बॅटरीतूनसुद्धा ११० एएचच्या आसपासच मिळतात, म्हणजे चार तास पुरते होण्याआधीच ती तळाला लागते. (काही बॅटऱ्यांवर सी-१० दर लिहिलेला असतो. एकाच आकड्याच्या सी-१० आणि सी-२० बॅटऱ्या समोर ठेवल्या असतील तर सी-१० ची खरी क्षमता जास्त असते, हे दुकानात लक्षात ठेवा.)

तुमची बॅटरी रोज सकाळी अशी तळापर्यंत जात होती. दुपारी दोनला वीज आल्यावर घरगुती इन्व्हर्टर साधारण १२ ते १५ अँपिअरने चार्ज करतो. काढलेले ११० एएच परत भरायचे तर सव्वाशेहून थोडे जास्तच घालावे लागतात, कारण आम्लाच्या बॅटरीत घातलेले सगळे साठत नाही. शिवाय ती ऐंशी टक्क्यांपर्यंत बऱ्यापैकी वेगाने भरते आणि पुढचे वीस टक्के रांगत रांगत घेते. या शेवटच्या टप्प्यात चार्जर मोठा लावला तरी फारसे घाईत काही होत नाही, उलट पाणी उकळल्यासारखे बुडबुडे येतात आणि आतले पाणी कमी होते. त्यामुळे सहा तासांत ती अर्ध्यापेक्षा थोडी वर येत असणार, की आठ वाजता पुन्हा उपसा सुरू. दिवसभराचा हिशेब मांडला तर बॅटरी एकदाही शंभर टक्क्यांना पोहोचत नव्हती.

अपुरी भरलेली बॅटरी केवळ कमी वेळ चालते असे नाही, ती आतून खराबही होते. रिकामी होताना प्लेटांवर शिशाचे सल्फेट तयार होते. लगेच पूर्ण भरली तर ते विरघळून जाते, पण दिवसेंदिवस अर्धवट राहिली तर त्याचे खडे कडक होतात आणि मग साध्या चार्जिंगला दाद देत नाहीत. यालाच आम्ही ‘सल्फेट धरला’ म्हणतो. दोन वर्षांत अर्ध्या तासावर आलेली बॅटरी बहुतेक वेळा अशीच मरते.

फ्लॅट प्लेटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. मी अशा बॅटऱ्या कापून पाहिल्या आहेत. शिशाच्या चपट्या जाळीवर लेप थापलेला असतो, आणि जुन्या बॅटरीच्या तळाशी तोच लेप तपकिरी गाळ होऊन बोटभर साचलेला दिसतो. प्रत्येक वेळी रिकामी होताना लेप थोडा फुगतो आणि भरताना आकसतो, त्यात त्याची पकड सुटते. ट्यूब्युलरमध्ये हाच माल शिशाच्या सळ्यांभोवती विणलेल्या कापडी नळ्यांत कोंबलेला असतो, त्यामुळे तो फुगला तरी गळून पडायला जागा नसते. एवढाच फरक आहे, पण खोल उपशाच्या घरात आयुष्य त्याच्यावरच ठरते. फ्लॅट प्लेटचा गुण वेगळा आहे. ती थोड्या वेळासाठी जोराचा प्रवाह चांगला देते आणि स्वस्त पडते. महिन्यातून दोनदा अर्ध्या तासासाठी वीज जाणाऱ्या दादर-माहीमच्या घरात मी आजही ती सुचवतो. तुमच्या घरी नाही, ती निवड इथेच संपली.

आता राहिल्या दोन. मुलाचे म्हणणे आधी घेतो, कारण त्यात तथ्य आहे, पण एक खाचही आहे. घरासाठी जी लिथियम घ्यायची ती लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची. ती दुसऱ्या लिथियम प्रकारांपेक्षा उष्णता जास्त सोसते आणि सहज भडकत नाही, त्यामुळे लेबलवर हा प्रकार लिहिलेला नसेल तर घेऊ नका. तिची मोठी सोय अशी की ती अर्धवट भरलेली राहिली तरी तिला सल्फेटसारखा रोग होत नाही, आणि ती जवळजवळ शेवटपर्यंत एकाच वेगाने भरते. काढलेले बहुतेक सगळे परत घालता येते, वाया फार थोडे जाते. कमी फटीत पुन्हा तयार होणे हा तिचा खरा फायदा आहे.

खाच अशी की, बाजारात घरासाठी सर्रास विकली जाते ती १२.८ व्होल्ट, १०० एएचची. तुमच्या आजच्या लोडवर ती सुमारे २६ अँपिअर देईल. चार तासांचे १०४ एएच होतात, म्हणजे तीही सकाळच्या कपातीत शेवटच्या काही मिनिटांत दगा देईल. दुप्पट ते अडीचपट पैसे मोजून दुपारी दोनच्या आधीच पंखे बंद पडलेले पाहणे कोणाला आवडेल?

म्हणून बॅटरीआधी मी पंख्यांकडे पाहतो. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा पंखा पूर्ण वेगात साधारण ३० वॅट घेतो. तीनही पंखे बदलले तर २२५ चे ९० वॅट होतात आणि एकूण लोड २७५ वरून १४० वर येतो. बॅटरीवरचा प्रवाह १४ अँपिअर होतो, म्हणजे बरोबर निम्मा. पण फायदा निम्म्याहून जास्त आहे, कारण सावकाश ओढल्याने १५० एएचच्या ट्यूब्युलरमधून आता ११० ऐवजी १३५ एएचच्या घरात माल मिळेल. सकाळचे चार तास म्हणजे ५६ एएच, रात्रीचे तीन तास म्हणजे ४२. सकाळचा उपसा अर्ध्याच्या आतच राहतो, आणि ट्यूब्युलरला आयुष्य मिळते ते तिथेच.

भरण्याचा हिशेबही आता जुळतो. दुपारी दोनला ५६ एएच भरून काढायचे, म्हणजे घालायचे ६५ च्या आसपास. पहिल्या तीन-साडेतीन तासांत त्यातला मोठा वाटा परत येतो, उरलेल्या अडीच तासांत ती हळूहळू नव्वदीच्या पुढे जाते. रात्री ४२ एएच गेले की अकरापासून सकाळी दहापर्यंत अकरा तास आहेत, त्यात ती पूर्ण भरून वर थोडा वेळ तशीच मुरते. दिवसातून एकदा शंभर टक्क्यांना टेकली की ट्यूब्युलरची तक्रार नसते. तेव्हा तुमच्या आजच्या वेळापत्रकात माझी निवड तीन बीएलडीसी पंखे आणि १५० एएचची उंच ट्यूब्युलर ही आहे. अशा वापरात ती तीन-चार वर्षे नीट काम करते. पंखे धरूनही हा खर्च बहुधा लिथियम आणि तिला साजेसा इन्व्हर्टर यांच्यापेक्षा कमी बसतो, आणि पंख्यांमुळे वीजबिल कमी होते ते वेगळेच.

हे सारे गणित एका गोष्टीवर उभे आहे, ती म्हणजे वीज असताना इन्व्हर्टर खरोखर चार्ज करतो का. तुमच्या भागात संध्याकाळी दाब पडतो, दिवे पिवळट होतात, असे असेल तर इन्व्हर्टरच्या मागचे किंवा पुढचे बटण तपासा. बऱ्याच इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘इको’ असे दोन पर्याय असतात. यूपीएसवर ठेवला तर दाब साधारण १८० व्होल्टच्या खाली गेल्यावर तो वीज गेली असे समजून बॅटरीवर जातो, म्हणजे लाइट असूनही बॅटरी उपसली जाते. घरात संगणक नसेल तर इको ठेवावे. वायफायचा राउटर त्या क्षणी एकदा बंद होऊन पुन्हा सुरू झाला तरी काही बिघडत नाही.

भांडुपच्या एका घरी मला याच्याच जवळपासचा प्रकार दिसला होता. ट्यूब्युलर चौदा महिन्यांची, आणि बॅकअप पाच तासांवरून एक तासावर आलेला. घरच्या आजोबांनी बॅटरी सदोष म्हणून दुकानदाराशी भांडणही करून झाले होते. मी सहाही झाकणे उघडून हायड्रोमीटर बुडवला. पूर्ण भरलेल्या इन्व्हर्टर बॅटरीची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या आम्लाची घनता, त्यावर बाराशे चाळीसच्या आसपास येते, इथे सहाही सेल अकराशे साठ ते अकराशे सत्तरमध्ये होते. एकच सेल खाली आणि बाकी पाच वर असते तर तो सेल मेला असे मी म्हटले असते आणि बॅटरी वॉरंटीत बदलून मागायला सांगितले असते. सहाही सारखेच खाली म्हणजे बॅटरी उपाशी आहे. पाहिले तर इन्व्हर्टर लहान बॅटरीसाठीचा जुना होता आणि चार्जिंग जेमतेम सात-आठ अँपिअर. बॅटरी दुकानात नेऊन बाहेरच्या चार्जरवर दोन दिवस ठेवली, तेव्हा ती बाराशे पंचवीसपर्यंत आली. सगळी क्षमता परत आली नाही, तीन तासांवर थांबली. पण इन्व्हर्टर बदलल्यावर पुढे ती बरीच टिकली.

ट्यूब्युलर घेतल्यावर तुम्हीही दोनशे-अडीचशे रुपयांचा हायड्रोमीटर घरात ठेवा आणि महिन्यातून एकदा, सकाळी दहाच्या आधी, म्हणजे रात्रभर भरून झाल्यावर, सहाही सेलची ग्रॅव्हिटी वहीत लिहा. पाणी टाकल्याबरोबर मोजू नका, ते वर तरंगते आणि आकडा खोटा येतो. टाकायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर, फ्रिजमधले किंवा आरओचे नाही, आणि आम्ल तर कधीच नाही. पावसाळ्यात खाऱ्या दमट हवेने टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढते. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून तो धुवा, मात्र ते पाणी झाकणांतून आत जाऊ देऊ नका. मग पुसून पेट्रोलियम जेली लावा. टर्मिनल खराब असले की चार्जिंगही अर्धवट होते आणि दोष बॅटरीला जातो. शिवाय आम्लाच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, म्हणून ती बंद कपाटात किंवा गॅसच्या शेगडीजवळ नको. गॅलरीचा आडोसा किंवा खिडकीजवळचा पॅसेज चालेल. पंचावन्न-साठ किलोचा हा डबा चौथ्या मजल्यावर चढवायला दोन माणसे लागतील, लिफ्ट चालू असण्याच्या वेळी बोलवा.

लिथियम कधी घ्यावी, तेही स्पष्ट सांगतो. कपातीमधली दोन्ही अंतरे चार-पाच तासांवर आली, तर ट्यूब्युलर कधीच पूर्ण भरणार नाही आणि तुमच्या जुन्या बॅटरीचीच गोष्ट पुन्हा घडेल. बीएलडीसी पंख्यांवर १०० एएचच्या लिथियममधून चार तासांत ५४ एएच जातात आणि पंधरा अँपिअरच्या चार्जरवर ते चार तासांच्या आत परत येतात. दुसरे कारण जागेचे असते. बॅटरी झोपायच्या खोलीतच ठेवावी लागत असेल, किंवा पाणी टाकणे घरातल्या कोणाला जमणार नसेल, तर दहा-बारा किलोची, वायू न सोडणारी लिथियम योग्य. तिचे आयुष्य पाहिले तर सात-आठ वर्षांत ती पैसे वसूल करते, फक्त तेवढी वर्षे तुम्ही त्याच घरात राहणार असाल तर.

पण ती जुन्या इन्व्हर्टरला नुसती जोडून चालत नाही, आणि हा धडा मी माझ्याच चुकीतून घेतला. नालासोपाऱ्याच्या एका घरात मी ट्यूब्युलर काढून लिथियम बसवली आणि इन्व्हर्टर जुनाच ठेवला. तीन आठवडे सगळे ठीक चालले. एका रात्री लांब कपातीत बॅटरी संपली, तिच्या आतल्या बीएमएसने, म्हणजे सेलचे रक्षण करणाऱ्या सर्किटने, जोडणी तोडली. ती तोडायला हवीच होती. पण वीज आल्यावर इन्व्हर्टरला टर्मिनलवर व्होल्टच दिसेनात, त्यामुळे बॅटरी जोडलेलीच नाही असे समजून त्याने चार्जिंग सुरूच केले नाही, आणि त्यामुळे बीएमएसही जागा होईना. दुसऱ्या दिवशी मला बाहेरचा चार्जर घेऊन जावे लागले, दोन मिनिटांत बॅटरी जागी झाली. ग्राहकाने मात्र ती रात्र उकाड्यात काढली होती. शिवाय शिसे-आम्लाचे काही इन्व्हर्टर अधूनमधून बॅटरी पंधरा व्होल्टच्या वर नेतात. आम्लाच्या बॅटरीला त्याचा उपयोग होतो, लिथियमला तो दाब नको असतो, चार सेलच्या बॅटरीला १४.६ ही वरची हद्द. त्यामुळे लिथियम घ्यायची तर इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये लिथियमचा पर्याय असलाच पाहिजे, किंवा दोन्ही एकत्र बनवलेला संच घ्यावा. बॅटरी किती उरली हे व्होल्टवरून ओळखायची सवयही सोडावी लागते, कारण लिथियमचे व्होल्ट बराच वेळ सपाट राहतात आणि शेवटी एकदम कोसळतात.

खरेदीच्या वेळी दोन गोष्टी पाहा. ट्यूब्युलरवर कोरलेला किंवा छापलेला उत्पादनाचा महिना दुकानदाराकडून वाचून घ्या. सहा-आठ महिने चार्ज न करता पडून राहिलेली आम्लाची बॅटरी दुकानातच सल्फेट धरू लागते. आणि वॉरंटी ‘३६ अधिक २४’ अशी लिहिलेली असेल तर पहिल्या ३६ महिन्यांतच फुकट बदलून मिळते, पुढच्या २४ मध्ये नव्या बॅटरीवर फक्त सूट मिळते, म्हणून तुलना पहिल्या आकड्याची करा. तुमची जुनी फ्लॅट प्लेट मोडीत देताना शिशाचा चांगला भाव येतो, तो नव्या बिलातून वजा करून घ्यायला विसरू नका.

पैसे देण्याआधी आठवडाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर वीज गेल्याची आणि आल्याची वेळ लिहून ठेवा. आठवणीतल्या वेळा बहुतेकदा कमी-जास्त असतात. रात्रीचे अंतर खरोखर दहा तासांच्या वर भरले तर दुकानदाराची ट्यूब्युलर घ्या, आणि ते सहाच्या खाली आढळले तर मुलाचे ऐका. पंखे मात्र दोन्ही वेळा बदलायचे आहेत, त्यामुळे त्यांची ऑर्डर आजच दिली तरी चालेल.